आटलेल्या पन्ह्याचा जाब: क्रेप विकणाऱ्या एका दुकानदारास खुले पत्र

महाशय,

माझ्या बहिणीने तुमच्याकडून व्हिस्कोस क्रेप घेतलं, तेव्हा ‘आटत नाही, बिनधास्त शिवा’ असं तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत. पहिल्या धुण्यात कुर्त्याचा छातीचा घेर ४० इंचांवरून साडेछत्तीसवर आला. ती तक्रार घेऊन आली, तर तुम्ही शिंप्याकडे बोट दाखवलंत. त्या शिंप्याने आतलं सुती अस्तर आधी पाण्यातून काढून त्याच मापाने कापलं होतं. ते आजही पूर्ण ४० भरतं. मग चोर कोण, हे टेपनेच सांगितलं, नाही का?

ज्या रवाळपणावर गिऱ्हाइकाला बोट फिरवायला लावून तुम्ही भाव वाढवता, तोच या आटण्याचं कारण आहे. या क्रेपच्या आडव्या धाग्याला प्रचंड पीळ दिलेला असतो. दोन धागे उजव्या पिळाचे, पुढचे दोन डाव्या पिळाचे, अशी ओळीने विणाई होते. विणण्याआधी हा पीळ वाफेने किंवा खळीने दाबून ठेवतात. नंतर कापड गरम पाण्यात सोडलं की धागे उलगडू पाहतात, आखडतात, वळतात आणि पृष्ठभागावर ते बारीक दाणे उठतात. कापडाचा पन्हा तिथेच घटतो. मग विक्रीसाठी तो यंत्रावर ताणून पुन्हा ४४ इंच केला जातो. कापडाला पाणी लागलं की हा ताण सुटतो. शिवाय व्हिस्कोसचा तंतू पाण्यात फुगतो, त्यामुळे पिळाचा धागा आणखी आखूड होतो. म्हणून कुर्ता लांबीत इंचभरच गेला आणि घेरात साडेतीन इंच.

हे ओळखायला कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही. काठाचा एक आडवा धागा उसवून काढा आणि त्याची दोन टोकं जवळ आणा. तो लगेच स्वतःभोवती गुंडाळला, तर पीळ जिवंत आहे. मग तुकड्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, भिजवा, न ताणता सपाट सुकवा आणि मोजा. तुमच्याच ताग्याचा उरलेला तुकडा मी असा तपासला. आडवं माप ४६ भरलं. ओला तुकडा ओढून इस्त्री केली तर ५० होतं, पण पुढच्या पाण्यात पुन्हा आटतं.

पॉलिएस्टरचं क्रेप उष्णतेने पक्कं केलेलं असतं, ते सहसा असं आटत नाही. तुम्ही त्याची हमी या व्हिस्कोसला चिकटवलीत, हा तुमचा गुन्हा.

बहिणीचे पैसे परत करा, शिंप्याची माफी मागा आणि प्रत्येक ताग्यावर धुतल्यानंतरचा पन्हा लिहा. आणि वाचकहो, तो लिहिलेला नसेल तर असं कापड जास्तीचं घ्या आणि पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावू देऊ नका.