कटलेल्या पैशांचा अर्ज कसा लिहावा

पीकविमा, अनुदान, पंचनामा, ट्रान्सफॉर्मर अशा नाना विषयांवर अर्ज लिहून जालना जिल्ह्याने या वाङ्मयप्रकारात चांगलंच प्रावीण्य मिळवलं आहे. आता त्यात नवा विषय आला: खात्यातून पैसे गेले, दुकानदाराला पोहोचलेच नाहीत. होतकरू अर्जदारांसाठी हे मार्गदर्शन.

समजा, १० जून २०२५, मंगळवार. भोकरदनचं एखादं कृषी सेवा केंद्र, पेरणीची घाई. कपाशीच्या बियाण्याची दोन पाकिटं, ९०१ रुपयांप्रमाणे १८०२ रुपये. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, बँकेचा मेसेजही आला की रक्कम वजा झाली. गल्ल्यावरचा स्पीकर मात्र मौनव्रतात.

"आवाज नाही आला, दादा."

"अहो, कटले ना पैसे!"

इथे आवाज चढवण्याची प्रथा आहे. रांगेतली मंडळीही दोन्ही बाजूंनी साक्ष द्यायला तयार असतात. पण गंमत अशी, की दोघंही खरं बोलत असतात. तुमच्या बँकेने पैसे वजा केले, पलीकडच्या बँकेला 'जमा करा' असा निरोप गेला, आणि तिचं उत्तर ठरलेल्या वेळेत आलंच नाही. व्यवहार मधेच लोंबकळला. पुढे हिशेब जुळवताना पलीकडची बँक एकतर 'जमा झाले' म्हणून कळवते किंवा रक्कम परत पाठवते. म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील किंवा उशिराने दुकानात पोहोचतील. कुठे, ते त्या क्षणी गल्ल्यापाशी कुणालाच माहीत नसतं.

म्हणून बियाणं आजच हवं असेल आणि रोख मोजावी लागली, तर बिलाच्या मागे दुकानदाराकडून एक ओळ लिहून घ्या: ऑनलाइन १८०२ अडकले, रोख घेतले. सोबत व्यवहाराचा नंबर आणि त्याची सही. उद्या ते पैसे दुकानात उगवले, तर बँक हात वर करील आणि हा कागदच कामाला येईल.

तो नंबर कोणता? ॲपमध्ये व्यवहार उघडला की UTR किंवा UPI Ref No असं लिहिलेलं असतं, पुढे बारा आकडे. त्याच पडद्यावर अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळही असते. ती ट्रान्झॅक्शन आयडी; तीही उतरवा, पण बँकेत आधी विचारतात ते बारा आकडेच. त्यातला पहिला आकडा सहसा वर्षाचा शेवटचा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १० जून हा १६१ वा, तेव्हा आपला नंबर 5161 ने सुरू व्हायला हवा. 5159 दिसला तर तुम्ही परवाच्या चहाची तक्रार करताय.

आता मुख्य लेखन. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' हे वाक्य कितीही आवडतं असलं तरी आवरा. वडिलोपार्जित खातं, तोंडावर आलेली पेरणी, हेही गाळा. एवढंच लिहा: "१० जून २०२५ रोजी दुपारी अमुक वाजता, माझ्या अमुक खात्यातून १८०२ रुपये वजा, UTR अमुक. दुकानाच्या क्यूआरवर जमा नाही. रक्कम परत करावी. मुदत उलटल्यास नियमानुसार भरपाई द्यावी." आधी ॲपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रार नोंदवा, मग हाच मजकूर बँकेला द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे तत्परतेने फोन उचलणारा बहुधा उरलेलं खातं रिकामं करायला बसलेला असतो.

'नियमानुसार' हा शब्द पोकळ नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला केलेल्या अशा व्यवहारात पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. एका माणसाकडून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले असतील तर एकाच दिवसात. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये, तेही तुम्ही न मागता. दिवस कॅलेंडरचे मोजायचे. आपली मुदत १५ जूनला संपते. त्या दिवशी रविवार आहे, असं काउंटरवरून हळहळून सांगितलं जाईल. ऐकून घ्यावं, मान्य करू नये. पैसे २५ जूनला आले तर वर दहा दिवसांचे हजार रुपये होतात. नुसते १८०२ आले तर हजारासाठी दुसरा अर्ज. आपल्याला लिहायचा कंटाळा कुठे आहे?

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा नसेल तर तिथे दाद लागत नाही, म्हणून तो क्रमांक जपा. या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही आणि कोर्ट फी स्टॅम्पही चिकटवावा लागत नाही.