कोपरे बघा, मग बोला

युरोपच्या ग्रुप टूरवरून आलेला मराठी माणूस पासपोर्ट दाखवायचा तेव्हा त्याचा चेहरा थोडा पडलेला असायचा. आठ देश पाहिले, फोटो शेकड्यांनी काढले, आणि शिक्के? फक्त दोन! शेंगेन देशांना एकमेकांचं दार नाही. पहिल्या देशात शिरताना एक शिक्का मिळायचा, शेवटच्या देशातून निघताना दुसरा. मधल्या सहा देशांना तुम्ही येऊन गेल्याचा पासपोर्टापुरता पत्ताच नाही.

पण ते दोन शिक्के वाचता येतात. आमच्या शेजारच्या काकांचेच घ्या. पहिल्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात NL, म्हणजे नेदरलँड्स. उजव्या कोपऱ्यात चिमुकलं विमान. मध्ये तारीख, आधी दिवस, मग महिना. खाली Schiphol. काका हिरमुसले, “अरे, अ‍ॅमस्टरडॅम कुठाय?” काका, शिक्क्यावर शहर नसतं, चौकी असते. त्या अधिकाऱ्याला तुमच्या कालव्यांशी काय देणंघेणं! दुसऱ्यावर I, पुन्हा विमान, आणि रोमऐवजी त्याच्या विमानतळाचं नाव, Fiumicino.

अधिकारी शिक्का मारायचे तो बहुधा रांगेवरचा राग काढत. शाई पसरायची, आत-बाहेर दाखवणारा बाण नाहीसा व्हायचा. अशा वेळी चौकटीचे कोपरे बघावेत. टोकदार असतील तर आत आलात, गोल असतील तर बाहेर पडलात. पानांच्या क्रमावर मात्र विश्वास नको, कारण हाती येईल त्या पानावर ठोकायची पद्धत होती. आणि E दिसला की इंग्लंड म्हणू नका, तो स्पेन. ही चूक चांगली शिकलेली माणसं करतात.

खरी गंमत लंडनला. तिथल्या सेंट पँक्रस स्टेशनातून पॅरिसची युरोस्टार पकडताना फ्रेंच पोलीस गाडीत बसण्याआधीच तपासणी करतात. तशी दोन्ही देशांची आपसांत व्यवस्थाच आहे. त्यामुळे तिथल्या शिक्क्यावर असायचं F, रेल्वेचं चित्र, टोकदार कोपरे, आणि चौकी लंडनची! माणूस ब्रिटनच्या जमिनीवर उभा, पासपोर्ट मात्र फ्रान्समध्ये पोचलेला. खाडी अजून ओलांडायची आहे, पण १८० दिवसांतल्या ९० दिवसांचं मीटर त्या तारखेपासून पडलं. निव्वळ चौकीचं नाव वाचणारा इथे हमखास फसतो. शिक्का कुणाचा हे अक्षर सांगतं, कुठे मारला हे नाव सांगतं, आणि ती दोन्ही एकाच देशातली असतील असं नाही.

हे वाचन आता जुन्या पासपोर्टांवरच करायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जाऊ लागला. तेव्हा नवा पासपोर्ट मिळाला म्हणून जुना रद्दीत टाकू नका.