सुप्रभात, पण बेताचं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला गुलाबासकट 'झेप घे, आकाश तुझंच आहे!' येतं. पाठवणारा ते टाकून परत झोपतो. एकदा मी खाली लिहिलं, 'आकाश तुझंच आहे. मेंटेनन्स भरलास का?' तेव्हापासून हे खातं माझ्याकडे.

कृती सोपी. पहिलं वाक्य फळ्यावरच्या सुविचारासारखं गंभीर, दुसऱ्यात सोसायटीची नोटीस. 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे. लिफ्ट बंद आहे.' 'प्रयत्नांती परमेश्वर. तोवर टोकन घेऊन बसा.' उद्गारचिन्ह घातलं की विनोद मेला. कोरडा पूर्णविरामच हवा. हसरा चेहरा आपणच जोडणं म्हणजे तर स्वतःच्याच भाषणाला टाळ्या.

एकदा चुकलो. 'स्वप्नं मोठी बघा. पगार आहे तेवढाच राहील,' असं टाकलं, आणि एकाची नोकरी त्याच आठवड्यात गेलेली. सगळ्यांनी वाचलं, कुणी बोललं नाही. मजकूर पुसला, त्याला फोन केला. आता नेम माझ्याच पोटावर : 'सोमवारपासून पहाटे पळणार.'

पहिलं उत्तर त्याचंच आलं : 'साल कोणतं?'