बिबट्याला दहा मिनिटे

जुन्नर-आंबेगावच्या बिबट्यावर संशोधन करायचे, म्हणून निधी समितीपुढे दहा मिनिटे मिळतात. त्यातली पाच 'बिबट्या हा मार्जार कुळातील देखणा प्राणी' यातच जातात. समितीला हे ठाऊक नव्हते?

मग येते आधीच्या संशोधनातली उणीव. 'या भागात कुणी अभ्यासच केलेला नाही.'

केलाय की! विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये जुन्नरचेच आकडे छापले. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले. मग 29 बिबटे पकडून सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. सरासरी 17 वर गेली. पिंजरा उपाय म्हणूनच लावला होता, बरं का.

एवढे सांगा आणि थेट विचारा: उसाचा फड तुटला की त्यातला बिबट्या कुठे जातो, किती दिवसांत? पहिली स्लाइड संपली.

पद्धत? 'कॅमेरे लावू.' लावाल हो, पण कसे? बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात. एकाच बाजूला कॅमेरा असला, तर एका बिबट्याचे कागदावर दोन होतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडी हवी. ऊस उभा असताना एक फेरी, तुटल्यावर त्याच जागांवर दुसरी, आणि प्रत्येक फडाच्या तोडीची तारीख वहीत. फेरी महिना-दीड महिन्यातच आटपा. लांबली की बिबटे ये-जा करतात आणि मोजणीचे गणित कोसळते.

शिवाय हेही आधीच सांगून टाका: दुसऱ्या फेरीत न दिसलेला बिबट्या शेजारच्या गावात गेला की मेला, हे कॅमेरा सांगत नाही. तुम्ही लपवले, तर समितीतला एखादा नेमके तेच विचारणार.

वेळापत्रकात सगळे रंगीत पट्टे एप्रिलपासून सुरू. आर्थिक वर्ष ना! पण गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होते. वनखात्याची परवानगी तोवर हातात नसेल, तर पहिली फेरी बुडाली.

फड तुमच्या परवानगीसाठी थांबत नाही.

म्हणून मधल्या महिन्यांत परवानगी आणि जागांची पाहणी दाखवा, उरलेला पट्टा ऊसतोडीला बांधा.

आणि फलित? 'मानव-बिबट संघर्ष संपुष्टात येईल.' दोन वर्षांत? त्याऐवजी म्हणा: तोडीनंतर कोणत्या शिवारात वावर वाढतो, त्याचा नकाशा; वनखात्याची गस्त आणि गावाला द्यायचा इशारा त्यावरून ठरेल. वावर वाढला नाही, तर तोडीमागे धावणारी गस्त तरी वाचेल.

शेवटी अध्यक्ष हमखास विचारतात: 'आणि बिबट्या दिसलाच नाही तर?'

ज्याच्या तक्त्यात कॅमेरे किती रात्री चालू राहिले याचाही रकाना आहे, त्याला घाम फुटत नाही.