सुवचनांची घाऊक पेठ

बंगळूरच्या चिकपेठेतील रेशमी साड्यांचा घाऊक व्यापारी नुसता पदर पाहून माल उचलीत नाही. घडी पूर्ण उलगडून, विणीवरून बोट फिरवून मगच भावाची गोष्ट काढतो. परंतु याच पेठेत पिढ्यान् पिढ्या घरात मराठी आणि गल्ल्यावर कन्नड बोलणाऱ्या एका मालकांना नुकतेच पॉडकास्टवर पाचारण झाले, आणि त्यांच्या दीड तासाच्या संभाषणाचा जो दहा स्लाइडचा कॅरोसेल इन्स्टाग्रामवर रुजू झाला, त्यात पदराखेरीज काहीही नव्हते.

पहिल्या स्लाइडवर, १०८० बाय १३५० पिक्सेलच्या गर्द जांभळ्या पटावर, मालकांचे वचन झळकले : ‘उधारी हा व्यापाराचा प्राण आहे.’ एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांच्या मुखातून निघालेले मूळ वाक्य असे : ‘उधारी हा व्यापाराचा प्राण आहे असे वडील म्हणत, आणि त्याच उधारीने त्यांचे दुकान बसले.’ संपादकांनी पदरचे एक अक्षरही घातले नाही, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. त्यांनी केवळ मध्येच पूर्णविराम देऊन मयत वडिलांचे मत हयात चिरंजिवांच्या नावे दाखल केले.

संदर्भाची स्लाइड नव्हती असे नव्हे. ती नववी होती, म्हणजे जेथवर बोट सहसा पोहोचत नाही तेथे. वास्तविक पहिली स्लाइड न सरकवता पुढे गेलेल्या वाचकापुढे इन्स्टाग्राम तोच कॅरोसेल पुष्कळदा दुसऱ्या स्लाइडपासून पुन्हा मांडते. तेव्हा प्रश्न काय होता, मत कोणाचे आणि मिनिट कितवे, ही कैफियत दुसऱ्याच स्लाइडवर असावयास हवी. त्या मानाच्या आसनावर मात्र ‘शिक्षणाने धंदा बुडतो’ हे दुसरे वचन विराजमान होते. हा मूळचा निवेदकाचाच प्रश्न. मालकांनी तो चकित होऊन उच्चारला होता, आणि छपाईत प्रश्नचिन्ह तेवढे गळाले.

अशी कापाकापी ओळखणे अवघड नाही. वचनाच्या मागचे-पुढचे एकेक मिनिट ऐकावे, मग स्लाइड पाहुण्यास वाचून दाखवावी. ‘हे माझे’ म्हणताना तो अडखळला, की कात्री चुकली असे खुशाल समजावे. पण या सोपस्कारास अर्धा तास लागतो, आणि जांभळा रंग निवडण्यातच संपादकांची दुपार खर्ची पडलेली असते.

दहाव्या स्लाइडवर फर्मान होते : ‘पूर्ण भाग ऐका, लिंक बायोमध्ये.’ इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेला दुवा दाबून उघडत नसल्याने हा वळसा अटळ, हे कबूल. परंतु बायोत तोवर पुढच्या पाहुण्याचा भाग लागला होता, आणि मिनिटाचा आकडा नवव्या स्लाइडवरही नमूद नसल्याने मूळ वाक्य शोधू पाहणाऱ्यास दीड तासाची सक्तमजुरी घडली.

तेव्हा वाचकांस विनंती की, साडी घेण्यास जाल तर त्या दुकानी उधारी मागू नये. मालक ती देत नाहीत. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी कारणही सांगितले आहे.