गोल बाजारात प्लॅटिनम स्पॉन्सर

दिवाळी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीत दोन हंगाम मागोमाग येतात. गावागावांत झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि कॉलेजांमध्ये विभागांचे वार्षिक महोत्सव. नाटकाचं काम हँडबिलावर भागतं. महोत्सवाला मात्र 'प्रपोजल डेक' लागतो. हा डेक म्हणजे प्रायोजक मिळवण्यासाठी केलेली रंगीत पीडीएफ. ती रात्री जागून तयार होते, सकाळी प्रिंट होते आणि दुपारपर्यंत गोल बाजारातल्या एखाद्या मिठाईवाल्याच्या गल्ल्यावर, वर्गणीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडते.

नमुना म्हणून संगणकशास्त्र विभागाचा असा एक डेक घेऊ. कॉलेजचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण नाव बदललं तरी बाकी सगळं तेच असतं. अठरा स्लाइडी. पहिल्या स्लाइडवर मुंबईच्या समुद्रातला पूल. ताडोबा हाकेच्या अंतरावर, पण टेम्प्लेटमध्ये वाघ नव्हता. दुसऱ्या स्लाइडवर 'मध्य भारतातील सर्वांत भव्य विभागीय महोत्सव' अशी घोषणा. पुढे टायटल स्पॉन्सर एक लाख, प्लॅटिनम पन्नास हजार, गोल्ड पंचवीस हजार, सिल्व्हर दहा हजार. सोन्यापेक्षा प्लॅटिनम महाग, हे सराफा लाइनमध्ये वाचून दाखवलं तेव्हा तिथले शेठ बराच वेळ हसत होते.

ही धातूंची उतरंड आली कुठून? आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो 1971 पासून चालतो, टेकफेस्ट 1998 पासून. असल्या महोत्सवांचे डेक ज्या टेबलावर जातात, तिथे एखाद्या कंपनीचा मार्केटिंग अधिकारी बसलेला असतो. जाहिरातीचं वार्षिक बजेट त्याच्या हाती असतं आणि पैसे त्याच्या खिशातले नसतात. गोल बाजारात डेक वाचणारा माणूस मालक, कॅशियर आणि वेळप्रसंगी जिलेबी तोलणाराही असतो. त्याच्यासमोर 'ब्रँड व्हिजिबिलिटी' म्हटलं की तो आधी आपल्या दुकानाच्या पाटीकडे बघतो. पाटी तर दिसते आहे.

"काका, आमचा फुटफॉल पाच हजार आहे," खजिनदार सांगतो.

"म्हंजे?"

"म्हणजे पाच हजार लोक येतात."

"तुमच्या वर्गात पोट्टे कितीक?"

"साठ."

"अन् वर्ग?"

"तीन."

काका कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावत नाहीत. एकशे ऐंशी. दुसऱ्या विभागांची पोरं, पाहुणे आणि जेवणाच्या वासाने आलेले धरले तरी चारशेच्या वर आकडा जात नाही. गोल्डचे पंचवीस हजार भागिले चारशे, म्हणजे माणशी साडेबासष्ट रुपये. एवढ्यात काका प्रत्येकाला तर्री-पोहा खाऊ घालू शकतात, आणि खाणारा दुकानाचं नाव फ्लेक्सपेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतो. पण 'तर्री-पोहा पार्टनर' ही श्रेणी डेकमध्ये नसते.

सातव्या स्लाइडला खरी गंमत आहे. तिथे लिहिलंय, 'आपल्या सीएसआर निधीतून सहकार्य करावे.' कंपनी कायद्याप्रमाणे सीएसआरचं बंधन फक्त कंपन्यांना, तेही निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यांपैकी एखादी पायरी गाठलेल्यांना. अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे असतात. काकांचं फरसाण कितीही खपलं तरी त्या पायरीला पोचायला काही पिढ्या जातील.

मग तोच डेक सिमेंट आणि कोळशाच्या कंपन्यांच्या गेटवर जातो. तिथेही तो अडतो, आणि कारण त्याच स्लाइडवर छापलेलं असतं. आपल्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं 2021 च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. स्लाइडच्या डाव्या बाजूला 'सीएसआर' आणि उजव्या बाजूला 'स्टेजवर आपला लोगो'. डाव्या बाजूला मागितलेले पैसे उजव्या बाजूनेच नाकारले जातात.

शेवटच्या स्लाइडवर क्यूआर कोड असतो. स्कॅन केला की खजिनदाराचं नाव येतं, सोबत त्याचा मोटारसायकलवरचा फोटो. इथे काका सगळ्यात गंभीर होतात. त्यांच्या हिशेबात ही वर्गणी नसून जाहिरातीचा खर्च असेल, तर कॉलेजच्या नावाची पक्की पावती पाहिजे. रोखीत द्यायचं तर आणखी एक अडचण. धंद्याच्या खर्चापोटी एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिले, की तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. म्हणजे गोल्ड स्पॉन्सरचे पंचवीस हजार जातात आणि वर त्यावरचा करही भरावा लागतो. हे कळल्यावर काका गल्ल्यातून पाचशे एक काढतात आणि 'पावती राहू दे' म्हणतात. पोरं त्यांना 'कम्युनिटी पार्टनर' करून टाकतात.

हिशेबाचं हे ज्ञान या भागाला नवं नाही. वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टी नाटकांचं ठाणं. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीलाही या रंगभूमीची दखल घ्यावी लागली. झाडीपट्टीत गावातलं मंडळ नाटक कंपनीशी प्रयोगाचा व्यवहार ठरवतं आणि तिकिटांतून तो भरून काढतं. पाहुणे कोणत्या गावांतून येणार, शंकरपटाचा दिवस आहे की नाही, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक आहे का, हे आधी बघितलं जातं. गर्दीचा अंदाज चुकला तर मंडळाच्याच अंगावर येतं. त्यामुळे कोणी उगाच पाच हजार म्हणत नाही.

हीच नजर लावली तर स्पॉन्सरही सापडतो. मोहर्लीच्या रिसॉर्टवाल्याकडे खेटे घालण्यात अर्थ नाही. त्याचं गिऱ्हाईक नागपूर, पुणे, मुंबईचं, ते महोत्सवाला येत नाही. गडचिरोलीतली पोलीस भरतीची अकादमी मात्र नेमकी याच मुलांची वाट बघत असते. तिला दोन-चार प्रवेश मिळाले तरी दिलेले पैसे वसूल. मोबाईल दुरुस्तीवाला, झेरॉक्सवाला, मेसवाला यांचंही तेच. मंडपवाल्याकडून पैसे मागण्याऐवजी मंडपच मागावा. दुकानदाराला कूपन द्यावं आणि महिन्याभराने किती कूपनं परत आली ते मोजून त्याला सांगावं. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पुन्हा जाताना तेवढा आकडा पुरतो.

तेव्हा खजिनदार मंडळींनी यंदा अठरा स्लाइडींना सुट्टी द्यावी. कॉलेजच्या लेटरहेडवर एकच पान लिहावं: मागच्या वर्षी नोंदवहीत किती नावं होती, दुकानाचं नाव कुठे आणि किती दिवस दिसेल, पैसे कॉलेजच्या कोणत्या खात्यात जातील आणि पावती कोण देईल. खाली प्राचार्यांची सही घ्यावी. आणि दुकानात दुपारी जावं, संध्याकाळी गिऱ्हाईक असतं.