संपर्कात राहू या

३१ मे हा आपल्याकडे निरोपाचा सण आहे. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या आईबापांनी लेकराची जन्मतारीख टिपून ठेवलेली नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला आणि अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मला. नियमाप्रमाणे एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर ५८ पूर्ण होताना आदल्या दिवशीच निवृत्त होतो. त्यामुळे लोह्यात एकाच रणरणत्या दुपारी शाळेत, पंचायत समितीत, तहसिलीत शाल-श्रीफळ चालू असतं. त्यात बदल्यांचा हंगामही एप्रिल-मे हाच. मग एकेका माणसाला चार-चार कार्डांवर शेवटची ओळ लिहावी लागते. अशा वेळी विचार करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि आपली माणसं तो कधीच करत नाहीत.

सर्वांत सोयीची ओळ म्हणजे ‘पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे व आरोग्यदायी जावो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना’. हिच्यात लिहिणाऱ्याच्या अंगावर काहीच येत नाही, सगळं काम वरिष्ठांकडे वर्ग होतं. एका कार्यालयात पहिल्या सहीवाल्याने ही ओळ कार्डाच्या मधोमध झोकात लिहिली, तीही ‘उर्वरित आयुष्य’ असा भारदस्त बदल करून. खालच्या सगळ्यांनी ‘वरीलप्रमाणे’ म्हणून सह्या ठोकल्या. कार्ड ज्याचं होतं तो पस्तिशीचा कारकून. त्याची किनवटला बदली झाली होती, एवढंच. पण किनवट लांब आहे, तेव्हा ओळ अगदीच चुकली असं म्हणवत नाही.

‘आपले मार्गदर्शन असेच लाभत राहो’ ही ओळ मात्र जपून वापरावी. ती खरी मानणारी माणसं असतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी गृहस्थ साडेदहाला हजर होतात, जुन्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसतात आणि नव्या माणसाला फाईल कशी बांधायची ते सांगतात. चहा आपल्यालाच पाजावा लागतो. ‘येत राहा’ लिहिण्यात तसा धोका नाही, कारण पेन्शनच्या कागदांसाठी त्यांना यायचंच असतं आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण सरकारच करून देतं. जे होणारच आहे त्याचं आमंत्रण देण्यासारखं पुण्य नाही.

पण या कलेचा कळस आहे तो मोकळ्या आमंत्रणात. ‘कधीही या, घर आपलंच आहे. संपर्कात राहू या.’ या ओळीत तारीख, पत्ता, नंबर यांतलं काही येऊ द्यायचं नाही. ‘कधीही’ हा शब्द मोठा गुणी आहे. त्यातला कोणताच दिवस आजचा नसतो. ‘राहू या’ म्हटलं की पहिला फोन कुणी करायचा हेही उघडंच राहतं. दोघेही वाट पाहतात, कुणाचीच चूक ठरत नाही.

जुन्या लोकांना हे जमत नव्हतं. शिवकाळात पत्राच्या शेवटी मोर्तब उठे, त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं असत. मजकूर इथे संपला, पुढे कुणी काही घुसडायचं नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे लिहिलं ते पाळावं लागे. किती अडचणीचं!

तशीच अडचण आमच्याकडच्या एका शिपायाने करून ठेवली. कार्ड सगळ्यांच्या टेबलावरून फिरवून झाल्यावर त्याच्यासाठी कोपऱ्यात जरा जागा उरली होती. त्याने लिहिलं: ‘साहेब, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला या. देवस्वारीच्या दिवशी जेवण माझ्याकडं. सगळ्यांना घेऊन या.’ खाली मोबाईल नंबर. बडे बाबू हबकले.

“अरे, असं लिहितात का कुठं?”

“नुसतं या म्हणलं तर कोण येतंय ओ बाबू? दिवस सांगावा लागतो की.”

या अडाणीपणाचं फळ लगेच मिळालं. यात्रा नांदेड-लातूर रस्त्याला लागूनच, तिथी पंचांगात ठरलेली, चुकवायला जागाच नाही. साहेब खरोखर आले. बायको, मुलगा, सून आणि घोडा बघायचा म्हणून हट्ट धरलेला नातू. शिपायाच्या घरच्यांना पहाटेपासून भाकऱ्या थापाव्या लागल्या. घोड्यांचा बाजार झाला, गाढवांचा झाला, खंडोबाला बेलभंडारा झाला. नंतर दिवाळीला साहेबांचा फोन, संक्रांतीला शिपायाचा. हे प्रकरण अजून मिटलेलं नाही.

बडे बाबूंचं असं काही झालं नाही. त्यांनी त्याच कार्डावर ‘संपर्कात राहू या’ लिहिलं होतं.

तेव्हा येत्या ३१ मेला कार्ड टेबलावर आलं की आधी वरच्याने काय लिहिलंय ते पाहा, त्याखाली सही करा आणि कार्ड पुढे सरकवा. फारच आग्रह झाला तर ‘कधीही या’ लिहा. नंबर मात्र लिहू नका.